‘एआय वापरले आहे’ एवढे सांगून का भागत नाही?

समजा, कृष्णविवरावर एक मिनिटाचा व्हिडिओ करायचा आहे. सुरुवातीला इव्हेंट होरायझन टेलिस्कोप गटाने १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध केलेली, एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची ती नारिंगी कडी दिसते. मग त्याभोवती फिरणाऱ्या तप्त वायूचे अ‍ॅनिमेशन येते. ते सापेक्षतावादाची समीकरणे संगणकावर सोडवून तयार केले आहे. शेवटी कृष्णविवर एक तारा गिळते. हे दृश्य शब्दांत वर्णन देऊन एआयकडून काढून घेतले आहे. निवेदनाचा आवाजही संगणकाचाच आहे.

आता खाली ‘या व्हिडिओत एआय वापरले आहे’ असे लिहिले, तर ते खरे असूनही प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही. नारिंगी कडीसुद्धा संगणकातूनच आली आहे. रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी जुळवून ती तयार केली गेली आणि तिचा रंग शास्त्रज्ञांनी निवडलेला आहे. पण तिच्यामागे मोजमाप आहे, वायूच्या अ‍ॅनिमेशनमागे गणित आहे, आणि ताऱ्याच्या दृश्यामागे दोन्ही नाही. तिथे केवळ तसे दिसणाऱ्या चित्रांवरून बांधलेला अंदाज आहे. प्रेक्षकाला हा फरक कळायला हवा.

म्हणून प्रत्येक दृश्यावर, ते पडद्यावर असेपर्यंत, वेगळी ओळ ठेवावी: ‘निरीक्षणातून मिळालेली प्रतिमा, रंग निवडलेले’, ‘समीकरणांवरून केलेले अ‍ॅनिमेशन’, ‘एआयने काढलेले कल्पनाचित्र’. आवाजाबद्दल सुरुवातीलाच एक वाक्य बोलावे: ‘हा आवाज संगणकाचा आहे, मजकूर आम्ही लिहिला आहे.’ ऐकता ऐकता स्वयंपाक करणाऱ्यालाही ते कळते.

खऱ्या प्रतिमेलाही ओळ कशाला? कारण काही गोष्टींवरच इशारा असला, की इशारा नसलेले सगळे तपासून घेतलेले असणार, असे लोक धरून चालतात. खोट्या बातम्यांच्या मथळ्यांवरील प्रयोगांत पेनिकुक आणि सहकाऱ्यांना हा परिणाम दिसला. तो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

ओळ कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. खऱ्यासारखी दिसणारी कृत्रिम दृश्ये जाहीर करण्याचा नियम यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये आणला. पण ती सूचना बहुतेकदा व्हिडिओच्या वर्णनात असते. कोणी व्हिडिओ उतरवून घेऊन घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, की वर्णन मागेच राहते. फाइलमध्ये लपवलेली उगमाची माहितीही अशा प्रवासात सहसा पुसली जाते. टिकते ते चित्रातच उमटवलेले आणि आवाजात बोललेले. उभ्या व्हिडिओत खालचा भाग शीर्षकाने आणि उजवी कड बटनांनी झाकली जाते, म्हणून ओळ वर डावीकडे, पण अगदी कडेला न चिकटवता ठेवावी.

अर्थात, कोणी तो कोपरा कापून टाकला, तर यातले काहीच उरत नाही. ही ओळ फसवणाऱ्याला अडवू शकत नाही. प्रामाणिक व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र ती सांगते, की कशावर किती विसंबायचे.