शीर्षकातला आकडा बदलताना

उबुंटू ही संगणक चालवणारी मोफत प्रणाली आहे. तिची दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि वर्ष-महिन्यावरूनच तिचं नाव पडतं. २०२२च्या एप्रिलमध्ये २२.०४ आली, २०२४च्या एप्रिलमध्ये २४.०४. नवी आवृत्ती आली की ‘उबुंटू २२.०४वर पायथन कसं वापरायचं’ अशा शीर्षकाचे धडे शिळे दिसू लागतात. मजकूर बराचसा बरोबर असतो, पण शोधणारा आता ‘२४.०४’ असं टाइप करत असतो आणि निकालांच्या यादीत जुना आकडा दिसला की पुढे सरकतो.

अशा वेळी लेखकाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे शीर्षकातले दोन अंक बदलणं. हे काम मिनिटाभराचं असतं. नेमका इथेच धडा फसतो, आणि तो कसा फसतो हे या पायथनच्या उदाहरणात स्पष्ट दिसतं.

२२.०४वरच्या धड्यात पायथनची एखादी जास्तीची लायब्ररी बसवायला एक ओळ पुरत असे:

```
pip install requests
```

हीच ओळ २४.०४वर चालवली की काम होत नाही, `error: externally-managed-environment` असा संदेश येतो. उबुंटूची स्वतःची काही साधनं पायथनवर चालतात. वापरकर्त्याने बसवलेल्या लायब्ररींमुळे ती बिघडू नयेत म्हणून सिस्टिमच्या पायथनला असं कुलूप लावलं गेलं. त्यामुळे आता प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी जागा तयार करून तिथे लायब्ररी बसवावी लागते:

```
sudo apt install python3-venv
python3 -m venv .venv
source .venv/bin/activate
pip install requests
```

ज्याने फक्त शीर्षक बदललं, त्याच्याकडे २४.०४चा वाचक नेमका आला, पण पहिल्याच महत्त्वाच्या ओळीवर अडला. जुन्या शीर्षकाखाली तो निदान सावध राहिला असता. नव्या आकड्याने त्याला खात्री दिली आणि धड्याने ती मोडली. म्हणून कामाचा क्रम उलटा हवा. आधी नव्या आवृत्तीची कोरी प्रत बसवायची, तिच्यावर धड्यातली प्रत्येक ओळ पहिल्यापासून चालवायची, जे मोडेल ते दुरुस्त करायचं आणि शीर्षकाला हात शेवटी लावायचा. कोरी प्रतच का, तर लेखकाच्या रोजच्या यंत्रावर आधी बसवलेल्या गोष्टींमुळे मोडलेली पायरीही चालल्यासारखी दिसते.

पुढचा प्रश्न जुन्या वाचकांचा. शीर्षक म्हणून आपण जे म्हणतो ते प्रत्यक्षात तीन ठिकाणी असतं. एक, धड्याच्या माथ्यावर दिसणारं ठळक शीर्षक. दोन, शोधयंत्रासाठी पानाच्या कोडमध्ये लिहिलेलं शीर्षक. निकालांच्या यादीत बहुधा हेच दिसतं. तीन, पानाचा पत्ता. पहिली दोन शीर्षकं बरोबरीने बदलावीत. एकात २४.०४ आणि दुसऱ्यात २२.०४ राहिलं, तर वाचकाला आपण चुकीच्या पानावर आलो असं वाटतं.

पत्त्याचं मात्र वेगळं आहे. लोकांनी जपून ठेवलेल्या खुणा, इतरांनी दिलेल्या लिंक, शोधयंत्राने त्या पानाबद्दल वर्षानुवर्षं जमवलेली माहिती, हे सगळं पत्त्याला बांधलेलं असतं. पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमस्वरूपी वळण, म्हणजे ३०१ क्रमांकाचा रिडायरेक्ट, दिला नाही, तर त्या सगळ्या लिंक रिकाम्या जागी जाऊन पडतात. वळण दिलं तरी ते नेमक्या त्याच विषयाच्या पानावर हवं. मुखपृष्ठावर आणून सोडलेला वाचक पुन्हा शोधत बसत नाही, निघून जातो.

पत्ता `/python-ubuntu` असा बिनआकड्याचा असेल, तर काम सोपं आहे. त्याच पानाचा मजकूर आणि शीर्षक नवं करावं. पत्ता `/python-ubuntu-22-04` असा असेल, तर तो ओढूनताणून नवा करण्यात अर्थ नाही, कारण २२.०४ ही आवृत्ती अजून वापरात आहे. तिला नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती २०२७पर्यंत मिळणार आहे आणि कार्यालयांतले सर्व्हर नव्या आवृत्तीवर जायची घाई करत नाहीत. अशा वेळी जुनं पान जुन्याच नावाने राहू द्यावं, २४.०४साठी नवं पान लिहावं आणि दोन्हींच्या माथ्यावर एकमेकांची लिंक द्यावी. डिजिटलओशन या कंपनीच्या प्रसिद्ध धड्यांमध्ये एकाच विषयाची उबुंटूच्या आवृत्तीनुसार अशी स्वतंत्र पानं आढळतात. फरक दोन-चार ओळींचाच असेल, तर तिसरा मार्गही आहे. एकच पान ठेवून शीर्षकात ‘उबुंटू २४.०४ आणि २२.०४’ असे दोन्ही आकडे द्यावेत आणि जिथे ओळी वेगळ्या होतात तिथे तसं सांगावं.

वर्षाचा आकडा आवृत्तीपेक्षा निसरडा असतो. आवृत्ती धड्याच्या विषयाचाच भाग असते. वर्ष पुष्कळदा फक्त ताजेपणाची ग्वाही म्हणून चिकटवलेलं असतं. शिवणकामाच्या किंवा गुणाकाराच्या धड्याला वर्षाची गरजच नसते. आयकर विवरणपत्राच्या धड्याला मात्र ती असते. नव्या कररचनेत पगारदारांची प्रमाणित वजावट कर निर्धारण वर्ष २०२४-२५साठी ५०,००० रुपये होती, ती २०२५-२६साठी ७५,००० झाली. इथे वर्ष बदलून आतला आकडा तसाच ठेवणाऱ्या धड्याने वाचकाचा हिशेबच चुकवला असता. शिवाय ठरावीक मुदतीत मागच्या वर्षांचं अद्ययावत विवरण भरता येत असल्यामुळे जुन्या वर्षाचा वाचकही येतच राहतो. यावर सोपी सोय अशी, की बिनवर्षाचा कायमचा पत्ता चालू वर्षाला द्यावा आणि मागच्या वर्षाचा मजकूर पुसून न टाकता वर्षाच्या पत्त्यावर हलवावा.

शीर्षकात जुनं वर्ष विसरून राहणं ही चूक इतकी सर्रास होते, की गुगलच्या मार्गदर्शिकेत तिचा खास उल्लेख आहे. विद्यापीठाच्या प्रवेशनिकषांचं पान दरवर्षी नवं होतं, पण कोडमधलं शीर्षक मागच्याच वर्षाचं राहतं, असं उदाहरण तिथे दिलं आहे. अशा वेळी गुगल पानावरचं ठळक शीर्षक उचलून निकालात दाखवू शकतं. उलट, मजकुरात फारसं काही न बदलता पान ताजं भासावं म्हणून तारीख पुढे ढकलण्याबद्दल तीच कंपनी लेखकांना सावध करते.

यूट्यूबवरच्या धड्यांना एक जास्तीची मर्यादा आहे. तिथे शीर्षक आणि वर्णन हवं तेव्हा बदलता येतं, पत्ता आणि पाहणाऱ्यांची संख्या तशीच राहते. पण त्याच पत्त्यावर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही, फार तर नको तो भाग कापता येतो. म्हणून पडद्यावर जुनी आवृत्ती दिसत असेल, तर शीर्षकात नवी लिहू नये. नवा व्हिडिओ करावा, आणि जुन्याच्या वर्णनात पहिल्याच ओळीला त्याची लिंक द्यावी.

बदल जमला की नाही, हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये तपासता येतं. एकाच पानापुरते आकडे काढून बदलाआधीचे आणि नंतरचे चार-चार आठवडे शेजारी ठेवावेत आणि ‘22.04’ व ‘24.04’ असलेले शोध वेगवेगळे पाहावेत. नव्या आकड्याच्या शोधात पान दिसू लागलं आणि जुन्यातले क्लिकही टिकले, तर बदल जमला. जुन्या आकड्याच्या शोधात पान पूर्वीइतकंच दिसतं आहे, क्लिक मात्र घसरले आहेत, असं आढळलं तर २२.०४वाल्यांना नवं शीर्षक परकं वाटतं आहे. मग शीर्षकात दुसरा आकडा परत आणावा किंवा त्यांच्यासाठी वेगळं पान करावं.