विक्री झाली, पैसा कुठे आहे?

हुंडीच्या व्यवहारात मुदत कागदावरच लिहिलेली असे. पैसा केव्हा हाती येणार, हे व्यापाऱ्यास ठाऊक असे आणि त्याच बेताने तो पुढील खरेदी करी. आज स्वतःच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्या नवख्या दुकानदारास मात्र हीच मुदत बहुधा पहिला हिशेब हाती आल्यावर कळते.

ग्राहकाने कार्डाने दिलेली रक्कम थेट दुकानदाराच्या खात्यात येत नाही. ती आधी पेमेंट ॲग्रीगेटर म्हणजे मध्यस्थ कंपनीच्या एस्क्रो खात्यात जमा होते. रिझर्व्ह बँकेच्या 17 मार्च 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशी तरतूद होती की, माल पोचविण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर माल पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत रक्कम चुकती व्हावी. मात्र परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखण्याचे करारात ठरले असेल, तर ती मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे करारातील शब्दांना त्याही वेळी मोठे मोल होते.

याशिवाय नव्या विक्रेत्याच्या रकमेतून काही कंपन्या ‘रोलिंग रिझर्व्ह’ कापतात. प्रत्येक विक्रीचा ठरावीक हिस्सा काही महिने अडकवून ठेवावयाचा आणि मुदत भरताच परत करावयाचा, अशी ही फिरती अनामत होय. तिला कारणही आहे. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करून कार्डाचे पैसे परत मागू शकतो, आणि ही तक्रार अनेकदा 120 दिवसांपर्यंत येऊ शकते. तोवर विक्रेता दुकान बंद करून निघून गेला, तर तो भुर्दंड मध्यस्थावर पडतो. ज्याचा पूर्वेतिहास नाही त्याच्याकडून अनामत घेतली जाते ती यामुळे.

आता हिशेब पाहू. रांजणगाव औद्योगिक वसाहतीलगतच्या कारेगावात तयार कपड्यांचे एक दुकान आहे आणि त्याने संकेतस्थळावरून विक्री सुरू केली, असे धरू. जीएसटी बाजूस ठेवून महिन्याची विक्री 3,00,000 रुपये. मालाची खरेदी 2,40,000, वेष्टन व कुरिअर 27,000, मध्यस्थाचे दोन टक्के शुल्क व त्यावरील कर मिळून 7,080. नफा 25,920 रुपये. अनामत मात्र दहा टक्के, 180 दिवसांसाठी. म्हणजे दरमहा 30,000. वहीत नफा दिसतो, पण तिजोरीत दरमहा 4,080 रुपयांची तूट पडते. सहा महिन्यांत ती 24,480 होते.

माल पोचण्यास पाच दिवस आणि रक्कम येण्यास आणखी दोन दिवस लागत असतील, तर सात दिवसांच्या विक्रीचे सुमारे 61,000 रुपये नेहमीच वाटेत असतात. दोन्ही मिळून साधारण 85,500 रुपये घरातून घालावे लागतात. सातव्या महिन्यापासून जुनी अनामत सुटू लागते आणि विक्री तेवढीच राहिली तर पारडे सावरते. पण दिवाळीत विक्री दुप्पट झाली, तर अनामतही दुप्पट कापली जाते. धंदा वाढतो तशी रोकड आटते, ही गोष्ट नवख्यास सर्वांत अनपेक्षित वाटते.

कर मात्र थांबत नाही. जीएसटी संपूर्ण विक्रीवर देय असतो. अडकलेल्या रकमेवरील करही त्यात येतो.

बँकेचे कॅश क्रेडिटही येथे फारसे उपयोगी पडत नाही. बहुतेक बँका 90 दिवसांपेक्षा जुने येणे ड्रॉइंग पॉवरसाठी धरीत नाहीत. 180 दिवसांची अनामत साहजिकच त्यात बसत नाही.

सर्वांत मोठी चूक वहीत घडते. बँकेत आलेली निव्वळ रक्कमच विक्री म्हणून लिहिली जाते. मग अनामत खतावणीत कोठेच उरत नाही, ती सुटली की नाही हे कोणी पाहत नाही, आणि जीएसटीच्या विवरणपत्रातील विक्रीशी मेळ बसत नाही. योग्य नोंद अशी : विक्री पूर्ण रकमेची, शुल्क खर्चाकडे, अनामत ‘येणे’ म्हणून स्वतंत्र खात्यात. मध्यस्थाच्या अहवालातील ‘राखलेली’ व ‘सोडलेली’ रक्कम दरमहा त्या खात्याशी ताडून पाहावी. अमुक महिन्याची 30,000 रुपयांची रक्कम सातव्या महिन्यात सुटली नसेल, तर ते लगेच ध्यानात येते.

करार करण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावेत. टक्केवारी किती, दिवस किती, अनामतीस कमाल मर्यादा आहे काय, आणि खाते बंद केल्यास उरलेली रक्कम केव्हा मिळेल? तक्रारी नसतील तर काही महिन्यांनी टक्केवारी कमी करण्याचे कलमही मागता येते. उत्तरे आली की पहिल्या सहा महिन्यांची तूट कागदावर मांडावी, आणि तेवढे भांडवल बाजूस काढूनच पहिली मागणी स्वीकारावी.