कपातली उष्णता कशी मोजायची?

ज्या पेल्यातून टपरीवर कॉफी मिळायची, त्याच थर्माकोलच्या पेल्यातून जगभरातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी रासायनिक अभिक्रियांची उष्णता मोजली आहे. दोन पेले एकात एक घालायचे, वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचं, झाकणाच्या भोकातून तापमापी आणि ढवळायची काडी आत सोडायची, की उपकरण तयार. कॉफी हातात धरली तरी चटका बसत नाही, कारण थर्माकोलमध्ये अडकलेली हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. प्रयोगालाही नेमका तोच गुण हवा असतो. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी आली. पण कागदी पेले एकात एक घालून ते काचेच्या चंचुपात्रात बसवले आणि भोवती कापूस भरला, तरी काम भागतं. उष्णता जरा जास्त निसटते, एवढंच.

या पेल्याला कॅलरीमापी म्हणायचं, पण तो उष्णता मोजत नाही. उष्णता थेट मोजणारं यंत्र कुठेच नाही. शेजारच्या पदार्थावर तिचा काय परिणाम झाला ते पाहायचं आणि त्यावरून तिचा हिशेब मांडायचा, एवढंच माणसाच्या हाती आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात हेच केलं होतं. आतल्या पदार्थाने किती बर्फ वितळवला, ते वितळलेल्या पाण्याचं वजन करून त्यांनी ठरवलं. पेल्यातल्या प्रयोगात बर्फाची जागा पाणी घेतं आणि वजनाऐवजी तापमानातला बदल वाचला जातो.

सगळ्यात सोपं आणि खात्रीचं उदाहरण आम्ल आणि आम्लारीचं. एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर, तेवढ्याच संहतीचं सोडियम हायड्रॉक्साईडचं द्रावण ५० मिलिलिटर. दोन्ही डोळ्यांना घातक, म्हणून चष्मा हवाच. दोन्ही द्रावणं आधी तासभर खोलीतच ठेवलेली असावीत, म्हणजे त्यांचं तापमान एक होतं. समजा दोन्ही २७.० अंश सेल्सिअसला आहेत. आम्ल पेल्यात आहे. त्यात आम्लारी एका झटक्यात ओतली, झाकण लावलं, हलकेच ढवळलं आणि दर मिनिटाला तापमान लिहून घेतलं. एक मिनिटाने ३३.५, दोन मिनिटांनी ३३.४, तीन मिनिटांनी ३३.३.

यातला कुठला आकडा धरायचा? पटकन हात ३३.५ कडे जातो, कारण तो सर्वांत मोठा वाचलेला आकडा आहे. पण अभिक्रिया काही क्षणांतच संपते, तापमापी आणि ढवळणं मात्र तेवढं चपळ नसतं. पारा वर चढत असतानाच पेल्यातून थोडी उष्णता निसटू लागलेली असते. त्यामुळे वाचलेलं कमाल तापमान हे खऱ्या कमाल तापमानापेक्षा किंचित कमीच असतं. उपाय आलेखाचा आहे. वेळ आडव्या अक्षावर, तापमान उभ्या अक्षावर, आणि उतरणीची सरळ रेषा मागे, द्रावणं मिसळली त्या क्षणापर्यंत वाढवायची. दर मिनिटाला ०.१ अंश घसरण होत असेल, तर त्या क्षणीचं तापमान ३३.६ ठरतं. म्हणजे वाढ ६.६ अंश.

पुढचं गणित एका ओळीचं आहे:

q = m × c × ΔT

यात m म्हणजे द्रावणाचं वस्तुमान, c म्हणजे त्याची विशिष्ट उष्माधारकता आणि ΔT म्हणजे तापमानातला बदल, शेवटच्या तापमानातून सुरुवातीचं वजा करून. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ जूल लागतात. द्रावण इतकं विरल आहे, की त्याला पाण्यासारखंच मानलं तरी मोठीशी चूक होत नाही. घनताही पाण्याएवढीच धरली तर एकूण १०० मिलिलिटर म्हणजे १०० ग्रॅम. मग १०० × ४.१८ × ६.६ म्हणजे साधारण २७५९ जूल, अर्थात २.७६ किलोजूल.

इथे बरेच जण m च्या जागी ५० लिहितात, कारण ‘पेल्यात ५० मिलिलिटर होतं’ हे डोक्यात बसलेलं असतं. पण तापलं ते मिसळलेलं सगळं द्रावण, शंभराच्या शंभर ग्रॅम. ५० धरले की उत्तर थेट निम्मं येतं, आणि निम्मं उत्तर दिसायला काही चुकीचं दिसत नाही, हीच त्यातली अडचण.

आता खरा प्रश्न चिन्हाचा. हे २७५९ जूल अधिक आहेत, मग अभिक्रिया उष्माग्राही म्हणायची का? सूत्रातून जे निघालं ते पाण्याचं खातं आहे. पाण्याच्या खात्यात २७५९ जूल जमा झाले, तर तेवढेच अभिक्रियेच्या खात्यातून खर्ची पडले असणार, कारण पेल्यात तिसरं खातंच नाही. म्हणून अभिक्रियेची उष्णता लिहिताना चिन्ह उलटवायचं: उणे २.७६ किलोजूल. पाणी तापलं, अभिक्रियेचं मूल्य ऋण आलं, म्हणजे ती उष्मादायी. पाणी गार झालं असतं तर ΔT ऋण, पाण्याची q ऋण आणि अभिक्रियेची धन, म्हणजे उष्माग्राही. परीक्षेत गुण जातात ते बहुतेक या उलटापालटीत, गुणाकारात नाही.

पेल्याचं झाकण घट्ट नसतं, आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच राहतो. म्हणून इथे मिळालेल्या उष्णतेला एन्थाल्पीतला बदल, म्हणजे ΔH, म्हणता येतं. मात्र तो सांगायचा तर ‘इतक्या मोलमागे’ सांगावा लागतो. पन्नास मिलिलिटर एक मोलर द्रावणात ०.०५ मोल आम्ल असतं. २.७६ ला ०.०५ ने भागलं की मोलमागे उणे ५५.२ किलोजूल येतात. पुस्तकांत या अभिक्रियेसाठी उणे ५६ ते ५७ च्या आसपासचा आकडा दिलेला असतो. कागदाच्या नाहीतर थर्माकोलच्या पेल्यासाठी हे चांगलंच उत्तर आहे.

मोलने भागणं ही नुसती औपचारिकता नाही. दोन्ही द्रावणं १००-१०० मिलिलिटर घेतली तर उष्णता दुप्पट निघते, पण तापायला पाणीही दुप्पट असतं. तापमान पुन्हा साधारण ६.६ अंशच वाढतं. केवळ आम्ल १०० मिलिलिटर घेऊन आम्लारी ५० च ठेवली, तर उष्णता तेवढीच राहते, कारण आम्लारी संपली की अभिक्रिया थांबते. उरलेलं आम्ल फुकटचं तापतं आणि वाढ साडेचार अंशांच्या आसपास येऊन ठेपते. तापमापीवरचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो वस्तुमानासोबत वाचावा लागतो. हायड्रोक्लोरिकऐवजी नायट्रिक आम्ल, सोडियमऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साईड घेतलं तरी मोलमागचं उत्तर जवळपास तेच येतं, हे आणखी गंमतीचं. प्रत्यक्षात घडतं ते एकच: हायड्रोजनचा आयन आणि हायड्रॉक्साईडचा आयन भेटून पाणी बनतं. बाकीचे आयन नुसते हजर असतात.

आपलं उत्तर पुस्तकापेक्षा किंचित कमी का आलं? एक कारण पेला स्वतः. आतली भिंत, तापमापी आणि काडी यांनीही थोडी उष्णता घेतली, आणि ती पाण्याच्या खात्यात दिसली नाही. म्हणजे मघाशी तिसरं खातं नाही म्हटलं ते पूर्ण खरं नव्हतं. हे खातं किती मोठं, ते नुसत्या पाण्याने तपासता येतं. पेल्यात २७.० अंशांचं ५० ग्रॅम पाणी घ्यायचं, त्यात ४०.० अंशांचं ५० ग्रॅम पाणी ओतायचं. पेल्याने काहीच घेतलं नाही तर मिश्रण ३३.५ अंशांवर थांबायला हवं. समजा ते ३३.४ वर थांबलं. गरम पाण्याने ६.६ अंश गमावले, गार पाण्याने ६.४ कमावले. फरक साधारण ४२ जूलचा, आणि पेलाही ६.४ अंशांनीच तापला, म्हणजे तो अंशामागे सुमारे ६.५ जूल खातो. आम्लाच्या प्रयोगात ६.६ अंशांमागे सुमारे ४३ जूल मिळवले की एकूण २८०२ जूल होतात, आणि मोलमागे उणे ५६ किलोजूल. मात्र ही दुरुस्ती तापमापीवरच्या एका दशांश अंशावर उभी आहे, हे विसरता येत नाही. वाचताना तेवढीच चूक झाली तर पेल्याचा हा सगळा हिशेब शून्य होतो किंवा दुप्पट.

उलट दिशेचं उदाहरण शेतकऱ्याच्या घरातच असतं. युरिया. सहा ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, युरिया २७.० अंशांच्या ५० मिलिलिटर पाण्यात टाकून ढवळला की पेला बोटांना गार लागतो. तापमान २०.८ पर्यंत उतरलं, तर ΔT उणे ६.२. वस्तुमान ५० अधिक ६, म्हणजे ५६ ग्रॅम. पाण्याने गमावली साधारण १४५१ जूल उष्णता. चिन्ह उलटवलं की विरघळण्याच्या क्रियेची उष्णता अधिक १.४५ किलोजूल, मोलमागे अधिक १४.५. युरियाच्या स्फटिकातले रेणू सुटे करायला जी ऊर्जा लागते, तेवढी पाण्याशी जुळवून घेताना परत मिळत नाही. उरलेली तूट पाणी भरून काढतं. खेळाडूंच्या मुरगळलेल्या घोट्यावर ठेवायच्या काही झटपट थंड पिशव्यांत युरिया असतो तो यासाठीच.

मीठ मात्र फसवतं. सहा ग्रॅम मीठ १०० मिलिलिटर पाण्यात विरघळताना तापमान जेमतेम पाऊण-एक अंशाने उतरतं. शाळेतल्या तापमापीवर बहुधा एका अंशाच्या रेघा असतात, त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ असा निष्कर्ष सहज निघतो. तशाच तापमापीवर आम्लाच्या ६.६ अंशांत अर्ध्या अंशाची चूक झाली तरी ती साडेसात टक्क्यांची ठरते, पण दिशा बदलत नाही. मिठाच्या बाबतीत तीच अर्ध्या अंशाची चूक उत्तराचा निम्म्याहून अधिक भाग गिळते. पाणी खोलीपेक्षा थोडं गार असेल, तर प्रयोग चालू असताना ते आपोआप तापत राहतं आणि मिठाची घट झाकली जाते. अशा वेळी एक दशांश अंश दाखवणारी तापमापी वापरावी, आणि शेजारी दुसऱ्या पेल्यात तेवढंच पाणी मीठ न घालता तेवढाच वेळ ढवळून त्याचंही तापमान लिहून ठेवावं. दोन्ही पेल्यांतल्या बदलांमधला जो फरक उरेल, तेवढाच मिठाचा.