दोन्ही पाच कॅरेटचे, मग एक लहान का?

सराफाच्या ट्रेमध्ये दोन पिवळे लंबगोल खडे शेजारी ठेवलेले असतात. एक पुष्कराज, दुसरा सुनेला. दोघांचंही वजन पाच कॅरेट. तरीही सुनेला चांगला ऐसपैस दिसतो आणि त्याच्यापुढे पुष्कराज अंग चोरून बसल्यासारखा वाटतो. किंमत मात्र नेमकी उलटी. अशा वेळी गिऱ्हाइकाच्या मनात वजनात मारल्याची शंका येते. काटा बरोबर असतो; फरक दगडाच्या घडणीतच असतो.

कॅरेट हे वजनाचं माप आहे, आकाराचं नाही. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, म्हणून पाच कॅरेट म्हणजे बरोबर एक ग्रॅम. आता हा एक ग्रॅम किती जागा व्यापेल, ते त्या खनिजाच्या विशिष्ट गुरुत्वावर ठरतं. तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा खडा किती पट जड आहे, ते सांगणारा हा आकडा. पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, 4.00 चा. माणिकही त्याच खनिजाचं असल्यामुळे तेवढंच. हिरा 3.52. पाचू साधारण 2.7 आणि सुनेला, जो स्फटिकाच्या म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचा, 2.65. थोडक्यात, एक ग्रॅम पुष्कराज पाव घनसेंटिमीटरमध्ये मावतो. तेवढ्याच वजनाच्या सुनेल्याला त्याच्या दीडपट जागा लागते.

दीडपट जागा म्हणजे दीडपट लांबी नव्हे. वाढ लांबी, रुंदी आणि खोली अशी तिन्हीकडे वाटली जाते. पाच कॅरेटचा नीट पैलू पाडलेला पुष्कराज साधारण 11 मिलिमीटर लांब, 9 रुंद आणि 6.3 खोल भरतो. त्याच घाटाचा, त्याच वजनाचा सुनेला सुमारे 12.6 लांब, 10.3 रुंद आणि 7.2 खोल. फरक दीड मिलिमीटरचाच, पण बोटावर तो लगेच डोळ्यांत भरतो.

हाच हिशेब उलटा केला की खडा ओळखायलाही मदत होते. लंबगोल पैलूदार खड्यासाठी पारख्यांचा एक ठोकताळा आहे: लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये गुणायची, त्याला विशिष्ट गुरुत्वाने आणि मग 0.002 ने गुणायचं. येणारा आकडा म्हणजे अंदाजे कॅरेट. 11, 9 आणि 6.3 चा खडा पुष्कराज असेल तर उत्तर पाचाच्या आसपास येतं. काट्यावर तो 3.3 कॅरेटच भरला, तर तो पुष्कराज नसून सुनेला असण्याचा दाट संशय घ्यावा. दहा टक्क्यांची चूक या ठोकताळ्यात सहज होते. इथली तफावत मात्र एक तृतीयांश आहे.

खात्री करायची तर खडा पाण्यात तोलतात. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात रत्नांची तुलना पाण्याच्याच आधारे केली होती. खडा आधी हवेत तोलायचा, मग बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवून. पाच कॅरेटचा पुष्कराज पाण्यात 3.75 भरतो, म्हणजे 1.25 ची घट, पाचाला 1.25 ने भागलं की 4.00. सुनेला पाण्यात 3.11 वर येतो. खड्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी तो खडा वर उचलतो, घट वाढते आणि खरा पुष्कराजही हलका ठरतो. म्हणून पाण्यात साबणाचा थेंब टाकतात आणि बुडबुडे कुंचल्याने झटकतात. फार लहान खड्यांत मात्र काट्याची किंचित चूकही निकाल बिघडवते.

या परीक्षेची एक मर्यादा नीट लक्षात घ्यायला हवी. प्रयोगशाळेत घडवलेल्या पुष्कराजाचं विशिष्ट गुरुत्वही 4.00 च असतं. खडा कोणत्या खनिजाचा, एवढंच पाणी सांगतं. तो खाणीतला की भट्टीतला, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं.

आणि कधीकधी दोन्ही खडे अस्सल पुष्कराज, दोन्ही पाच कॅरेटचे, तरी एक लहान दिसतो. इथे कारण आहे घाट. कच्च्या दगडाचं वजन वाया जाऊ नये म्हणून कारागीर खालची बाजू फुगीर ठेवतो. 10 लांब, 8.2 रुंद पण 7.6 खोल असा खडाही पाच कॅरेटच भरतो. मात्र त्याचा वरून दिसणारा पसारा पहिल्यापेक्षा सुमारे सतरा टक्के कमी. ते वजन अंगठीच्या कोंदणात, नजरेआड दडतं. रंगीत रत्नांचा भाव कॅरेटवर चालतो, तेव्हा गिऱ्हाईक त्या पोटाचेही पैसे मोजत असतं. हिशेब म्हणून ते बरोबर असलं, तरी खरेदी म्हणून महागच.

म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की फक्त कॅरेटचा आकडा पाहू नका, त्याखालची मिलिमीटरमधली तीन मापंही वाचा. तिसरं माप रुंदीच्या जवळ पोहोचत असेल तर खडा बाजूने धरून पाहा. आणि हे सगळं कोंदणात बसवण्याआधी करा. अंगठीत जडवलेला खडा ना नीट तोलता येतो, ना पाण्यात तपासता.