चटणीत पाणी किती?

नवरात्रात केडगावला रेणुकामातेच्या दर्शनाची गर्दी असते आणि घरोघर उपासाचा साबुदाणा वडा तळला जातो. त्यासोबत कुठे दह्यातली दाण्याची चटणी असते, कुठे नुसते गोड दही. माझ्या मते पहिली जोडी सरस आहे. कारण कोणत्याही खाण्यासाठी चटणी निवडताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात: त्या पदार्थाला चटणीतले पाणी किती सोसेल आणि त्याच्या चवीत काय कमी आहे.

साबुदाणा वडा

या वड्यात बटाटा, साबुदाणा आणि दाण्याचा कूट असतो. आंबटपणा फारसा नसतो, म्हणून चटणीतले दही आंबटसर हवे. एक वाटी भाजलेले दाणे, दोन-तीन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरे आणि मीठ आधी कोरडेच वाटावे. मग त्यात अर्धी वाटी दही चमच्याने कालवावे. दही मिक्सरमध्ये फिरवले की ते मोडते आणि चटणी पळीवाढी होते. वड्याचे कुरकुरीत कवच तिच्याने लगेच मऊ पडते. दाणे पाणी शोषत राहतात, त्यामुळे अर्ध्या तासाने चटणी घट्ट झालेली दिसेल. तेव्हा चमचाभर ताक घालून सारखी करावी. कोथिंबीर काही घरांत उपासाला चालते, काही घरांत नाही. तिच्यावाचून चवीचे अडत नाही.

बटाटावडा

बटाटावड्याला कोरडी लसणाची चटणी शोभते, पावात घालायचा असेल तर विशेषच. पाव ओलावा लगेच पितो आणि गरम वड्याची वाफही त्यातच जिरते. वर पातळ चटणी पडली की तळाचा पाव चिकट होतो. कोरड्या चटणीने तिखटपणा मिळतो आणि पाव कोरडा राहतो. वाटीभर किसलेले सुके खोबरे मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावे. दहा-बारा लसूण पाकळ्या थोड्या तेलात परतून घ्याव्यात. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर तिखट, मीठ आणि मूठभर भाजलेल्या दाण्यांसह मिक्सर थांबवत थांबवत फिरवावेत. सलग फिरवले तर खोबऱ्याला तेल सुटते आणि चटणीचा गोळा होतो. बोटांत धरून सोडल्यावर ती मोकळी पडली पाहिजे. ओली चटणी हवीच असेल, तर चिंच-गुळाची घट्ट चटणी पावाच्या वरच्या फोडीलाच लावावी.

सँडविच

सर्वात जास्त बिघडते ती सँडविचची हिरवी चटणी. वाटताना ती दाट दिसते, पण मीठ कोथिंबिरीतले पाणी बाहेर ओढते आणि शाळेच्या डब्यात ब्रेड ओला होतो. यावर उपाय डाळ्याचा. दोन वाट्या कोथिंबिरीला (कोवळ्या देठांसह) दोन मोठे चमचे डाळे, तीन-चार मिरच्या, आल्याचा तुकडा आणि जिरे घ्यावे. डाळे त्या पाण्याला धरून ठेवते. पाणी लागलेच तर बर्फाचा एखादा खडा टाकावा, म्हणजे मिक्सरच्या उष्णतेने रंग उतरत नाही. पुदिना कोथिंबिरीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त घातला तर कडवट लागतो. लिंबू शेवटी पिळावे, कारण आंबटाच्या सहवासात हिरवा रंग हळूहळू शेवाळी होत जातो.

चटणी जमली की नाही हे पाहायचे असेल, तर चमचाभर ताटलीत ठेवून दहा मिनिटांनी बघावे. भोवती पाण्याचे कडे पसरले असेल तर आणखी अर्धा चमचा डाळे वाटून घालावे. ब्रेडला आधी लोणी अगदी कडेपर्यंत लावावे, मग चटणी. लोण्याचा थर पाणी अडवतो. काकडी-टोमॅटोचे काप लावण्याआधी फडक्यावर टिपून घ्यावेत आणि त्यांच्यावर मीठ खायच्या वेळीच टाकावे.

कटलेट

कटलेटमध्ये बटाटा, गाजर, बीट अशा गोडसर भाज्या असतात, म्हणून चिंच-खजुराच्या चटणीत गूळ बेताचाच ठेवावा आणि चिंच पुढे यावी. चटणी इतकी आटवावी की चमच्याच्या पाठीवर थर राहील. ती वाटीत बाजूलाच द्यावी. वर ओतली की रव्याचे किंवा ब्रेडच्या चुऱ्याचे कवच सुटते.

ढोकळा

इथे उलटे आहे. ढोकळा जाळीदार, तळणाविना, बऱ्याचदा घशाला कोरडा लागतो. त्याला ओलावा हवाच असतो. पण आधी फोडणी पाहावी. फोडणीत साखरपाणी घातले असेल तर ढोकळा भिजलेला आणि गोड असतो, तेव्हा हिरवी चटणी जरा घट्ट आणि बिनसाखरेची हवी. नुसती तेल-मोहरीची फोडणी असेल तर तीच चटणी पाणी घालून पातळ करावी, चिमूटभर साखर टाकावी आणि डाळे वगळावे, म्हणजे ती जाळीत उतरते. पीठ फार आंबलेले असेल तर लिंबूही वगळावे.