निळ्या केंद्रकातले लाल-हिरवे ठिपके

पांढऱ्या पेशींची संख्या लाखाच्या वर गेलेली आणि पोटात डावीकडे वाढलेली प्लीहा हाताला लागते आहे, असा रुग्ण समोर आला की डॉक्टरांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचा, म्हणजे सीएमएलचा, संशय येतो. पण संशयावर उपचार ठरत नाहीत. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे अदलाबदल केले आहेत का, हे आधी पाहावे लागते. तसे झाले असेल तर बाविसाव्यावरचे बीसीआर आणि नवव्यावरचे एबीएल ही जनुके एकमेकांना जोडली जातात आणि त्या जोडजनुकाचे प्रथिन पेशींना थांबूच देत नाही. इमॅटिनिब हे औषध याच प्रथिनाला रोखते.

या रुग्णांमधले आखूड गुणसूत्र फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये टिपले होते. त्यामागे अदलाबदल आहे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले. त्यांनी गुणसूत्रांवर पट्टे उमटवणारी रंगक्रिया वापरली होती. ती करायची तर पेशी ऐन विभाजनात सापडावी लागते. फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन, अर्थात फिश, विश्रांतीतल्या पेशींवरही करता येते.

फिशमधला प्रोब म्हणजे हव्या त्या जनुकाशी जुळणारा, चमकणारा रंग लावलेला डीएनए. रुग्णाच्या पेशी काचेच्या स्लाइडवर पसरतात, वर प्रोबचे काही मायक्रोलिटर सोडून कव्हरस्लिप ठेवतात आणि कडा रबर सिमेंटने बंद करतात. साधारण ७५ अंश सेल्सिअसला काही मिनिटे ठेवले की डीएनएचे दोन्ही धागे सुटतात. मग ३७ अंशांवर, ओलसर डब्यात, रात्रभर. तेवढ्या वेळात प्रोब आपली जागा शोधून चिकटतो. सकाळी गरम द्रावणाने धुऊन सैल चिकटलेला प्रोब काढतात. हे धुणे कमी पडले तर सगळीकडे धूसर चमक राहते आणि जास्त झाले तर खरे ठिपकेही फिके पडतात. शेवटी डॅपी या रंगाने केंद्रक निळे करतात.

सीएमएलसाठी एबीएलचा प्रोब लाल, बीसीआरचा हिरवा धरू. निरोगी पेशीत दोन लाल, दोन हिरवे ठिपके दिसतात. दोन्ही प्रोब गुणसूत्र तुटण्याच्या जागेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेले असल्याने अदलाबदलीत दोघांचेही तुकडे होतात. नव्या जोडाच्या दोन ठिकाणी लाल-हिरवे एकत्र येऊन पिवळट दिसतात आणि न बिघडलेल्या गुणसूत्रांचे एक लाल, एक हिरवा उरतो. एकाच पेशीत असे दोन जोड योगायोगाने जुळणे फार दुर्मीळ.

खरी अडचण एकच जोड दिसतो तेव्हा येते. काही रुग्णांत तुटलेल्या नवव्या गुणसूत्रावरचा जोडालगतचा भाग गळून गेलेला असतो. त्यामुळे एक लाल, एक हिरवा, एक पिवळट असे चित्र येते. पण निरोगी पेशीतही एक लाल आणि एक हिरवा ठिपका एकमेकांवर आला तर हुबेहूब हेच दिसते! एका पेशीवरून हा फरक कळणे अशक्यच. म्हणून अनेकदा २०० पेशी मोजतात. असे चित्र त्यातल्या १८० पेशींत असेल तर तो योगायोग नव्हे. दोन-चार पेशींत असेल, तर प्रयोगशाळेने निरोगी नमुन्यांवर ठरवून ठेवलेली मर्यादा पाहायची.

तुकडा गळाला असेल तर तो कळण्यासाठी दुसऱ्या रंगाची साक्ष लागते. जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळात बाविसाव्या गुणसूत्रावरचा सुमारे ३० लाख अक्षरांचा तुकडा नसेल, तर साध्या गुणसूत्र तपासणीत तो अनेकदा निसटतो. फिशमध्ये त्या जागेचा प्रोब लाल असतो आणि त्याच गुणसूत्राच्या टोकाचा हिरवा. पेशीमागून पेशी दोन हिरवे, एक लाल दिसले तर तुकडा नाही. हिरवेही दिसेनात, तर चूक प्रयोगात आहे.

जादा प्रती मोजतानाही हाच आधार. स्तनाच्या कर्करोगात २० पेशींत हर-२ जनुकाचे १६० ठिपके आणि सतराव्या गुणसूत्राच्या मध्याचे ४० आले, तर गुणोत्तर ४. पेशीमागे सरासरी ८ प्रती आणि गुणोत्तर २च्या वर, म्हणजे जनुक वाढलेले आहे. दोन्ही ७०-७० आले तर मात्र गुणोत्तर १. तिथे अख्खे गुणसूत्रच जादा आहे, हर-२ वेगळे वाढलेले नाही. शिवाय गाठीचे काप इतके पातळ असतात की काही केंद्रके अर्धवट कापली जातात आणि त्यांच्यातले ठिपके कमी भरतात.

प्रोब ज्या जागेचा, तेवढेच फिशला दिसते. इमॅटिनिब घेणाऱ्याचा आजार उलटला, तर बीसीआर-एबीएलमध्ये एखादे अक्षर बदललेले असू शकते. ठिपके पूर्वीसारखेच दिसतात. तो बदल शोधायला त्या जनुकाचा अक्षरक्रम वाचावा लागतो.