जागा मर्यादित, म्हणजे नेमक्या किती?

पुण्यात आप्पा बळवंत चौकाच्या आसपासचं एखादं पुस्तकांचं दुकान घ्या. मधली टेबलं भिंतीला सरकवली की तिथे चाळीस खुर्च्या बसतात. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, संध्याकाळी एका लेखिकेशी गप्पा ठरल्या आहेत. त्या दिवशी शहरात ठिकठिकाणी कार्यक्रम असतात, त्यामुळे पोस्टरखालचा मजकूर वाचणारा माणूस पटकन ठरवतो: जमेल की नाही.

इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणून ‘कळविण्यास अत्यंत आनंद होतो की’ इथपासून सुरुवात केली, तर वेळ आत दडून बसते. लेखिकेचं नाव, वार, तारीख आणि वेळ आधी यावी. ‘या शनिवारी’ असं मात्र लिहू नये. हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर फिरतो आणि पुढच्या शनिवारीही कुणीतरी दारात येऊन उभं राहतं.

सगळ्यात जास्त घोटाळा ‘जागा मर्यादित’ या दोन शब्दांनी होतो. त्यातून वाचकाला काहीच कळत नाही. आकडा द्यावा, आणि नोंदणी करून उशिरा येणाऱ्याच्या खुर्चीचं काय होणार, तेही सांगावं. विनामूल्य कार्यक्रमाला नाव नोंदवून न येणारे बरेच असतात. दारात लोक ताटकळताहेत आणि आत खुर्च्या रिकाम्या, ही वेळ त्यामुळेच येते. माझ्या मते मजकूर असा असावा:

लेखिकेचं नाव: वाचकांशी गप्पा
शनिवार, २७ फेब्रुवारी २०२७, सायं. ६ ते ७.३०
दुकानाचं नाव, पहिला मजला (लिफ्ट नाही)
प्रवेश विनामूल्य, नोंदणी आवश्यक. खुर्च्या ४०.
नाव आणि किती जण येणार, हे गुरुवार, २५ फेब्रुवारी, रात्री ९ पर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर कळवा. आमचं उत्तर आलं की जागा पक्की.
राखीव खुर्ची ५.५० पर्यंत. त्यानंतर प्रतीक्षा यादीतल्यांना.

‘किती जण’ हे विचारलं नाही, तर एका नावामागे तिघं येतात. ‘उत्तर आलं की जागा पक्की’ हे वाक्य नसेल, तर निरोप पाठवला म्हणजे जागा मिळाली असं लोक धरून चालतात. लिफ्ट नसल्याचं आधी कळलं, तर गुडघे दुखणारे आजोबा जिना बघून परत फिरणार नाहीत. ते आधीच फोन करून विचारतील.

नोंदणी अर्जावर ठेवली असेल, तर त्याची लिंक इन्स्टाग्रामच्या मजकुरात टाकून सहसा उपयोग होत नाही, ती दाबली जात नाही. लिंक दुकानाच्या प्रोफाइलमध्ये द्यावी आणि मजकुरात तसं लिहावं. व्हॉट्सअ‍ॅपवर ती थेट चालते.

खुर्च्या भरल्या की इन्स्टाग्रामवरच्या मजकुराची पहिली ओळ बदलून ‘नोंदणी पूर्ण, प्रतीक्षा यादी सुरू’ अशी करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे गेलेला निरोप मात्र दुकानाच्या हातात राहत नाही, म्हणून नोंदणीची शेवटची वेळ त्यातच लिहिलेली हवी. शुक्रवारी सकाळी नोंदवलेल्या प्रत्येकाला ‘येताय ना?’ एवढं विचारलं, की नकार त्याच दिवशी कळतात आणि यादीतल्या पुढच्या माणसाला निघायला वेळ मिळतो.